वाहनाच्या पाटीवरील वऱ्हाड

सायंकाळी ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या मोटारींच्या पाट्या वाचण्याचा एक खेळ आमच्या घरातील मुले बरीच वर्षे खेळत आली आहेत. घर अमरावतीस, रहदारीच्या रस्त्याला लागून असल्यामुळे खेळास सामग्रीची वाण कधी पडत नाही. MH 27 दिसले की 'आपली', MH 30 दिसले की 'अकोल्याची', MH 31 दिसले की 'नागपूरची', असा पुकारा होतो आणि जो आधी ओळखील त्याचा गुण मांडला जातो. घरातील मोठी माणसेही या खेळापासून फारशी अलिप्त नसतात. कोणाच्याही गाडीविषयी आमच्या भागात पहिला प्रश्न 'पासिंग कुठलं?' हाच असतो, आणि त्याच्या उत्तरावरून गाडीवाल्याचे गाव, कधीकधी त्याचा स्वभावही, ठरवून टाकण्याची आमची तयारी असते.

हा खेळ निरुपद्रवी आहे असे आम्हीही समजत होतो. पुढे एक प्रसंग असा घडला की त्या समजुतीचा आम्हांस फेरविचार करावा लागला. आमच्या परिचयातील एका शेतमजुरास मूर्तिजापूरच्या अलीकडे महामार्गावर एका मोटारीने धडक दिली. दिवस मावळलेला होता. मोटार क्षणभर थबकली आणि निघून गेली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या दोघांनी तिची पाटी पाहिली, व दोघांनीही 'MH 30' हे एकमुखाने सांगितले. पुढची अक्षरे आणि चार आकडे मात्र कोणाच्याच ध्यानात राहिले नाहीत. 'अकोल्याची गाडी' हे शब्द तेव्हापासून सर्वांच्या तोंडी बसले, आणि सगळा शोध अकोल्याच्या दिशेने चालला. तो मनुष्य पायाचे हाड मोडून अंथरुणास खिळलेला, आणि अकोल्यात काही गाडी सापडेना. तीन महिन्यांनी एका गॅरेजातील मिस्त्रीच्या बोलण्यावरून उलगडा झाला तो असा की, ती गाडी अकोल्याहून काही वर्षांपूर्वीच विकली गेली होती, आणि तिचा मालक आमच्या अमरावतीतच राहत होता.

साक्षीदारांनी जे वाचले ते अक्षरशः खरे होते. चूक झाली ती त्याचा अर्थ लावण्यात. इतिहासाच्या अभ्यासकास ही चूक परकी नाही. ताम्रपटात एखाद्या गावाचे नाव आढळले म्हणजे तो ताम्रपट तेथलाच, आणि त्याचा धनी तेथेच राहणारा, असे मानून नवशिके संशोधक अनेकदा फसतात. ताम्रपट कोणी दिला, केव्हा दिला, आणि मागाहून तो कोणाकोणाच्या हाती गेला, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. मोटारीची पाटी हाही एक लहानसा ताम्रपटच होय. तो नीट कसा वाचावा, आणि आमच्या वऱ्हाडापुरता तो काय सांगतो व काय सांगत नाही, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

वाहनास पाटी लावण्याची कल्पना मूळची युरोपातील. पॅरिसच्या पोलीस खात्याने १८९३ साली मोटारींवर मालकाचे नाव, पत्ता व परवान्याचा क्रमांक असलेली धातूची पाटी लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडात १९०३ चा मोटारकार कायदा झाला आणि १९०४ च्या आरंभापासून तेथील प्रत्येक नोंदणी करणाऱ्या स्थानिक मंडळास एकेक अक्षर किंवा अक्षरांची जोडी मिळाली. लंडनच्या वाट्यास नुसते 'ए' हे अक्षर आले. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. फ्रेंच पाटीवर मनुष्याचे नाव होते, इंग्रजी पाटीवर मनुष्य नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कचेरी आली. आपण हिंदुस्थानात जी पद्धत घेतली ती ही दुसरी.

आपल्याकडे सबंध देशाकरिता पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला, आणि त्याची जागा पुढे १९३९ च्या कायद्याने घेतली. या दुसऱ्या कायद्याच्या एका परिशिष्टात प्रत्येक प्रांतास अक्षरांचे समूह वाटून दिले होते. अक्षरे आणि त्यापुढे जास्तीत जास्त चार आकडे, असे त्या पाट्यांचे रूप होते. ज्यांनी १९८० च्या आधीचे चित्रपट पाहिले आहेत त्यांस तीन अक्षरांच्या त्या पाट्या आठवत असतील. त्यांत एक मोठी उणीव होती. अक्षरांवरून राज्य कळे, परंतु राज्यातील कोणत्या कचेरीने ती अक्षरे दिली हे जाणण्यास यादी पाठ असावी लागे. घरबसल्या कोणासही सहज वाचता येईल अशी ती लिपी नव्हती.

ती उणीव १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दूर केली. हा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्याच्या थोडे आधी, जून महिन्यात, केंद्र सरकारने राज्याराज्यांची दोन-दोन अक्षरे जाहीर केली. महाराष्ट्राच्या वाट्यास MH आले, मध्य प्रदेशाच्या वाट्यास MP. त्या दोन अक्षरांपुढे नोंदणी करणाऱ्या कचेरीचा दोन आकडी क्रमांक, त्यापुढे मालिकेचे एक किंवा दोन अक्षर, आणि शेवटी चार आकडी संख्या, असे चार खंडांचे हे रूप आहे. ही अक्षरे रोमन लिपीत आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच असले पाहिजेत असा नियम आहे. देवनागरीत हौसेने लिहिलेली पाटी कायद्याने पाटीच नव्हे, हे आमच्या काही मित्रांस पटत नाही, परंतु वस्तुस्थिती तशी आहे.

आता दुसऱ्या खंडाकडे वळू, कारण सारा घोटाळा तेथेच होतो. त्या दोन आकड्यांस लोक 'जिल्ह्याचा नंबर' म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते चालून जाते, म्हणूनच ते तोंडी रुळले आहे. खरे पाहता तो जिल्ह्याचा क्रमांक नसून कचेरीचा आहे. याचा पुरावा दूर शोधावयास नको. पुणे शहराचा क्रमांक १२, तर पिंपरी-चिंचवडचा १४ आणि बारामतीचा ४२, आणि तिन्ही एकाच पुणे जिल्ह्यात. श्रीरामपूरचा १७, आणि श्रीरामपूर हा काही जिल्हा नव्हे. आमच्या शेजारच्या नागपुरास तर ३१, ४० आणि ४९ असे तीन क्रमांक आहेत. जिल्ह्याचे नाव बदलले तरी क्रमांकास त्याचे सोयरसुतक नसते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले, परंतु तेथील पाट्यांवरचे २० आणि २५ जसे होते तसेच राहिले.

तथापि हे क्रमांक कसेही विखुरलेले आहेत असे नाही. त्यांची यादी पुढे ठेवून कोणी नकाशावर बोट फिरविले तर एक क्रम तत्काळ दिसून येतो. मुंबईच्या समुद्रकाठी ०१ पासून आरंभ होतो. कोकण उतरून रत्नागिरीस ०८ येतो. तेथून घाट चढून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर असा पुणे विभाग होतो. मग नाशिक विभाग जळगावपर्यंत, म्हणजे १९ पर्यंत. २० पासून २६ पर्यंत मराठवाडा. त्यानंतर आमचा अमरावती विभाग लागतो, तो असा: अमरावती २७, बुलढाणा २८, यवतमाळ २९ आणि अकोला ३०. पुढे ३१ पासून ३६ पर्यंत नागपूर विभाग, आणि तेथे राज्याची पूर्वसीमा येते. म्हणजे महसुली विभागांच्या क्रमाने पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलेल्या कोणा कारकुनाची ही यादी आहे, हे क्रमांकच बोलून दाखवितात. ज्यांस सर्व क्रमांक पाठ करण्याचा कंटाळा असेल त्यांनी एवढा क्रम ध्यानात ठेवावा. वीस ते सव्वीस मराठवाडा, सत्तावीस ते तीस वऱ्हाड आणि एकतीस ते छत्तीस नागपूरकडचा मुलूख, इतके पक्के असले तरी घरबसल्या निम्मे काम होते.

हा क्रम जेथे मोडतो तेथे इतिहास दडलेला असतो. अमरावती विभागात आज जिल्हे पाच आहेत, आणि वर आम्ही क्रमांक दिले ते चारच. पाचवा जिल्हा वाशीम. त्याचा क्रमांक ३७. अकोला आणि यवतमाळ यांच्या शेजारचे वाशीम नागपूर विभाग ओलांडून पार ३७ वर का जाऊन बसले? कारण यादी झाली त्या काळी वाशीम हा जिल्हाच नव्हता. तो अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा करण्यात आला. त्याच दिवशी धुळ्यातून नंदुरबार निघाले आणि पुढच्या वर्षी परभणीतून हिंगोली. यांचे क्रमांक पाहा: वाशीम ३७, हिंगोली ३८, नंदुरबार ३९. राज्याच्या तीन कोपऱ्यांतील तीन गावे एकापाठोपाठ एक बसली आहेत, त्यांना जोडणारे सूत्र भूगोलाचे नसून जन्मकाळाचे आहे. छत्तीसपर्यंतचे आकडे जागा सांगतात, त्यापुढचे आकडे मुख्यतः वेळ सांगतात.

वाशीमची कथा येथेच संपत नाही. जुन्या वऱ्हाडात, म्हणजे निजामाकडून १८५३ साली कंपनी सरकारने कारभारास घेतलेल्या मुलखात, विसाव्या शतकाच्या आरंभी सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी आणि वाशीम. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले, आणि १९०५ च्या ऑगस्टात सहाचे चार जिल्हे करण्यात आले. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, अमरावतीत विलीन झाले. वणी जिल्ह्याचे ठाणे यवतमाळास असल्यामुळे त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वाशीम जिल्हा मोडून त्याचे वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास देण्यात आले. हेच चार जिल्हे मध्यप्रांत व वऱ्हाडातून १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १९८९ च्या यादीत वऱ्हाडास जे चार क्रमांक मिळाले ते एका अर्थी १९०५ च्या त्या हुकुमाचेच चार क्रमांक होत. आणि ३७ हा आकडा म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी आपला जिल्हा परत मिळविलेल्या वाशीमची नोंद होय. अचलपुरास तो मान अद्याप मिळालेला नाही. तेथील लोकांची मागणी जुनी आहे, परंतु त्यांच्या गाड्या आजही MH 27 च मिरवितात.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे यावे. गेल्या वर्षी आमच्या घरी लग्नकार्य होते आणि दारासमोर पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या. आमचा बारा वर्षांचा नातू वही घेऊन पाट्या टिपत हिंडत होता. त्याने ज्या पाहुण्यांची गावे ओळखली त्यांत चार ठिकाणी तो चुकला, आणि चारही चुका बोधप्रद असल्यामुळे येथे सांगतो.

पहिली गाडी एक जुनी जीप होती, पाटी MH 30 ची. नातवाने 'अकोला' असे लिहिले. जीपवाले गृहस्थ जन्मापासून वाशीमचे रहिवासी, अकोल्यास ते कामापुरतेच जातात. जीप त्यांनी १९९६ साली घेतली. त्या वेळी वाशीम अकोला जिल्ह्यात होते, म्हणून नोंद अकोल्यास झाली. खाजगी वाहनाची नोंद पंधरा वर्षे चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते, परंतु त्यात क्रमांक बदलत नाही. जिल्हा वेगळा झाला तरी जुन्या पाट्यांवर कोणी हात फिरविला नाही. त्यांच्या मुलाची नवी मोटार मात्र MH 37 ची होती. एका घरातील दोन गाड्या दोन जिल्ह्यांच्या दिसत होत्या, आणि दोन्ही एकाच अंगणातून आलेल्या होत्या.

दुसऱ्या गाडीचा क्रमांक त्याने कोणाकडून तरी ऐकून टिपला होता, 'अठ्ठावीस'. अठ्ठावीस म्हणजे बुलढाणा, असे तो ठामपणे म्हणाला. आम्ही त्यास गाडीजवळ नेऊन अक्षरे वाचावयास लावली, तेव्हा तेथे MH नसून MP होते. मध्य प्रदेशात २८ हा छिंदवाड्याचा क्रमांक आहे. पाहुणे वरूडच्या पलीकडच्या पांढुर्ण्याचे होते, आणि आमच्याइतकेच वऱ्हाडी बोलत होते. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, आकड्याला अक्षरांवाचून काहीच अर्थ नाही, कारण प्रत्येक राज्याची मोजणी स्वतंत्रपणे एकपासून सुरू होते. दुसरी, अक्षरे राज्य सांगतात, भाषा सांगत नाहीत. पांढुर्णे २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाले. तेव्हा वाशीमच्या जीपसारखेच तेथेही जुन्या पाट्यांचे लोक नव्या जिल्ह्यात राहत आहेत.

तिसरी गाडी यवतमाळकडून आली होती, आणि तिच्यावर AP 01 असे होते. नातवाने 'आंध्र' लिहिले व तो फार दूर, समुद्राकाठी कोठे तरी, असे समजला. वस्तुतः AP 01 हा आदिलाबादचा क्रमांक होता, आणि आदिलाबाद यवतमाळ जिल्ह्यास लागूनच आहे. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले तेव्हा तेथील नव्या गाड्यांस TS 01 ही पाटी मिळू लागली, आणि मार्च २०२४ पासून तेथे TS च्या जागी TG आले. म्हणजे आदिलाबादच्या एकाच रस्त्यावर AP 01, TS 01 आणि TG 01 अशा तीन पाट्या एकाच वेळी दिसू शकतात. कोणती गाडी कोणत्या काळातील हे त्यांवरून सहज ताडता येते. आमच्या नातवास हा प्रकार इतका आवडला की लग्नाचे जेवण सोडून तो त्या गाडीभोवती घुटमळत राहिला.

चौथ्या पाटीने मात्र त्यास निरुत्तर केले. तिच्या आरंभी राज्याची अक्षरे नव्हतीच. प्रथम 22, नंतर BH, मग चार आकडे आणि शेवटी दोन अक्षरे असा तिचा उलटा क्रम होता. ही भारत मालिका २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झाली. संरक्षण दलांतील व सरकारी नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत ज्यांच्या कचेऱ्या आहेत अशा कंपन्यांचे नोकर, यांस बदलीच्या वेळी नवी नोंदणी करावी लागू नये म्हणून ती काढण्यात आली. पहिले दोन आकडे नोंदणीचे वर्ष दाखवितात, प्रदेश दाखविणारे त्यात काहीच नाही. अशा पाटीवरून गाव ओळखण्याचा प्रयत्न करणे म्हणजे तिथी नसलेल्या पत्रावरून वार काढण्यासारखे आहे. तो न करणे हाच शहाणपणा.

या चार उदाहरणांत पाचवे जोडले की आमच्या त्या मजुराचा प्रश्न पुन्हा समोर येतो. गाडी विकली म्हणजे दप्तरात मालकाचे नाव बदलते, पाटी बदलत नाही. राज्यातल्या राज्यात मालकाने घर बदलले तरी तीस दिवसांत नवा पत्ता कळवावयाचा असतो, क्रमांक तोच राहतो. फक्त गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. परिणाम असा होतो की पाटीवरची राज्याची अक्षरे बहुधा विश्वसनीय असतात, आणि कचेरीचा आकडा गाडीच्या वयाबरोबर कमी कमी विश्वसनीय होत जातो. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने आणखी भर घातली आहे. पूर्वी मालक राहतो किंवा गाडी नेहमी उभी राहते त्या हद्दीतील कचेरीतच नोंदणी करावी असा कायद्याचा शब्द होता, दुरुस्तीने तेथे 'राज्यातील कोणत्याही' असा शब्द आला. म्हणून आता अगदी नव्या गाडीच्या बाबतीतसुद्धा MH 30 याचा अर्थ 'अकोल्याच्या कचेरीने नोंदलेली' एवढाच घ्यावा. 'अकोल्याच्या माणसाची' हा अर्थ त्यात आपण पदरचा घालतो.

मग घरी बसून काय करता येते? पाटी संपूर्ण हाती असेल तर पुष्कळ करता येते. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा mParivahan या मोबाईलमधील अॅपवर संपूर्ण क्रमांक घातला की नोंदणी करणाऱ्या कचेरीचे नाव, नोंदणीची तारीख, वाहनाचा प्रकार आणि बनावट ही माहिती दिसते. मालकाचे नाव तेथे पूर्ण दाखवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु पडताळ्यास एवढे पुरते. पाटी मोटारीवर आहे आणि दप्तरात त्याच क्रमांकापुढे दुचाकी निघाली, तर ती पाटी खोटी अथवा चुकीची वाचलेली आहे हे तेथेच कळते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हा पडताळा पैसे देण्यापूर्वी अवश्य करावा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस जी सुरक्षित पाटी कारखान्यातूनच येते तिच्यावर डाव्या अंगास चकाकणारे छोटे चौकोनी चिन्ह, त्याखाली निळ्या रंगात IND ही अक्षरे आणि कोपऱ्यात कोरलेला स्वतंत्र बारीक क्रमांक असतो. अलीकडच्या गाडीवर यांपैकी काहीच नसेल तर संशयास जागा आहे.

अंधारात आणि घाईत वाचताना आकड्यांची गफलत कशी होते तेही जाणून असावे. ३० आणि ३८, म्हणजे अकोला आणि हिंगोली, यांच्या पाट्यांतील अंतर आकड्याच्या मधल्या एका रेघेचे. २७ आणि ३७, म्हणजे अमरावती आणि वाशीम, यांचेही तसेच. मालिकेच्या अक्षरांत सामान्यतः I आणि O वापरीत नाहीत, कारण ती एक व शून्य यांसारखी दिसतात. तेव्हा तिसऱ्या खंडात कोणी 'ओ' वाचला असे सांगितले तर तो बहुधा 'डी' किंवा 'क्यू' असावा. रंगही सांगण्यासारखा असतो. पांढऱ्यावर काळी अक्षरे म्हणजे खाजगी वाहन, पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याचे वा मालवाहू, आणि हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारे. नुसता रंग आठवला तरी शोधाचे क्षेत्र अर्ध्याहून कमी होते.

यावरून पाटीच्या चार खंडांचे काम कसे वाटलेले आहे ते स्पष्ट होईल. पहिले दोन खंड, ज्यांवर आमचा खेळ चालतो, ते गाडीचा उगम सांगतात. गाडीची ओळख त्यांत नाही. MH 30 या आरंभाच्या गाड्या लाखांनी मोजाव्या लागतील. एका मालिकेत एक पासून ९९९९ पर्यंत क्रमांक बसतात, ते संपले की नवे अक्षर, आणि एकेरी अक्षरे संपली की जोडाक्षरे. दुचाकीस, मोटारीस, मालवाहू वाहनास मालिका बहुधा निरनिराळ्या उघडतात. म्हणून या सर्व गर्दीतून एक गाडी निवडून काढण्याची शक्ती शेवटच्या दोन खंडांतच आहे, आणि आमच्या त्या टपरीवरच्या साक्षीदारांनी नेमके तेच खंड गमावले. त्यांचाही दोष नाही. लहानपणापासून आपण सगळे पाटीचा आरंभ वाचावयास शिकलो आहोत, कारण गावाची उत्सुकता तेथे भागते. शेवट वाचण्याची सवय कोणी लावलेली नसते.

या सवयीचे मोल किती असते ते आकड्यांत सांगता येते. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे गंभीर जखमी मनुष्यास पन्नास हजार रुपये आणि मृत्यू ओढवल्यास वारसांस दोन लाख रुपये मिळतात. वाहन सापडले तर त्याच्या विम्यावर दावा लावता येतो, आणि त्यात औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि कायमचे अपंगत्व या सर्वांचा हिशेब होतो. पाय अधू झालेल्या शेतमजुरास या दोहोंतील अंतर म्हणजे उरलेल्या आयुष्याचे अंतर होय. आमच्या परिचिताचे वाहन सापडले ते एका मिस्त्रीच्या मुळे, पाटीच्या वाचनामुळे नव्हे. सर्वांच्याच वाट्यास असा मिस्त्री येत नाही.

त्या प्रसंगानंतर ओट्यावरच्या खेळाचा नियम आम्ही बदलला आहे. आता केवळ गाव ओळखल्यास गुण मिळत नाही. गाडी दृष्टीआड झाल्यावर मुलाने आधी शेवटचे चार आकडे, मग मालिकेची अक्षरे, मग पाटीचा रंग सांगावयाचा, आणि सर्वांत शेवटी कचेरीचे नाव. 'अकोल्याची गाडी' असे म्हणण्यास आता बंदी आहे, 'अकोल्यात नोंदलेली' असे म्हणावे लागते. पहिले काही दिवस मुलांनी कुरकुर केली, परंतु आता तीच आम्हांस चुका दाखवितात. परवा एका गाडीकडे बोट करून आम्ही सवयीने 'वाशीमचे पाहुणे' असे म्हणून गेलो, तेव्हा नातवाने वहीतून मान वर न काढता विचारले, "आजोबा, पाहुणे कुठले ते त्यांना विचारलंत का?"